शेऱ्यासह, शिक्क्यासह

पाटण तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने दिलेले विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र घेऊन पूनम आली, तेव्हा तिच्याबरोबर तिची आई आणि मामा होते. पूनमचा नवरा इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीला आहे. तिला त्याच्याकडे जायचे होते, आणि व्हिसाच्या कागदांत लग्नाचे प्रमाणपत्र इंग्रजीत हवे होते. मामांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, भाषांतर आजच्या आज झालं तर बरं. आणि शिक्का तेवढा ठसठशीत मारा. शिक्का बघूनच घेतात म्हणे."

मी मराठीतून इंग्रजीत कागदपत्रांची भाषांतरे करते, आणि जवळजवळ प्रत्येक घरचे मामा हेच सांगतात. त्यांचे चुकत नाही. आपल्याकडे सरकारी कागदाची किंमत शिक्क्यावरून ठरते. पण व्हिसाच्या भाषांतरात अधिकारी आधी वाचतो ते शिक्क्याच्या वरचे तीन-चार ओळींचे निवेदन. भाषांतर कोणी केले, ते पूर्ण आणि अचूक आहे याची हमी कोण देतो, आणि शंका आली तर तो माणूस सापडेल कुठे, हे त्यात लिहिलेले असते. 'प्रमाणित भाषांतर' म्हणतात ते या निवेदनामुळे.

पूनमचा कागद म्हणजे 'नमुना ई'. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली जी लग्ने नोंदवली जातात, त्यांना हे प्रमाणपत्र मिळते. शहरात ते महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडून मिळते, गावात ग्रामपंचायतीकडून. बऱ्याच ठिकाणी ते मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेले असते. जन्म प्रमाणपत्राचेही तसेच आहे. जुने हाताने लिहिलेले मराठी दाखले सोडले तर हल्लीचे बहुतेक दाखले द्विभाषिक आहेत. म्हणून भाषांतरकाराकडे येण्याआधी जिथे नोंद आहे तिथे जाऊन नवी द्विभाषिक प्रत मिळते का, हे विचारावे. तीत सगळा मजकूर इंग्रजीतही भरलेला असेल, तर भाषांतराचा खर्च वाचतो. मात्र नमुना द्विभाषिक, पण नावे-पत्ते फक्त मराठीत भरलेले आणि शिक्का मराठीत, असेही पुष्कळदा दिसते. तसा कागद द्विभाषिक धरता येत नाही.

पूनमच्या गावचा नमुना केवळ मराठीत होता. छापील मजकुरातल्या रिकाम्या जागा निळ्या शाईने भरलेल्या, वर नवरा-बायकोचे फोटो, त्यांवर अर्धा-अर्धा उमटलेला गोल शिक्का, खाली ग्रामसेवकाची सही. आणि हे सगळे जपून लॅमिनेट केलेले. वाचकांना हात जोडून विनंती आहे, जन्माचा किंवा लग्नाचा दाखला लॅमिनेट करू नका. पुढेमागे एखाद्या देशासाठी त्यावर ॲपोस्टिल करून घ्यायची वेळ आली, तर प्लास्टिकवर ना शिक्का बसतो ना स्टिकर.

आता मजकूर. नमुना ई मध्ये एकच लांबलचक वाक्य आहे. पतीचे नाव, राहणार अमुक, पत्नीचे नाव, राहणार तमुक, यांचा विवाह अमुक दिनांकास अमुक ठिकाणी विधीसंपन्न झाला, आणि त्याची नोंद नोंदवहीच्या अमुक खंडात अमुक अनुक्रमांकावर अमुक दिनांकास करण्यात आली. वाक्य साधे वाटते, पण दोन तारखा त्यातच आहेत, लग्नाची आणि नोंदणीची, आणि तिसरी असते खाली, प्रमाणपत्र दिल्याची. पूनमचे लग्न झाले १९ मे २०१९ ला, नोंदणी झाली २ जुलैला. व्हिसाच्या अर्जात विवाहाची तारीख विचारतात तेव्हा पुष्कळ जण नोंदणीची तारीख भरून मोकळे होतात. मग अर्जात एक तारीख आणि भाषांतरात दुसरी. भाषांतर बरोबर असूनही शंका त्याच्यावरच येते. पूनमने अर्ज भरायला घेतला होता आणि त्यात नेमकी जुलैची तारीख घातली होती. ती तिथेच बदलायला लावली.

पण मे महिन्याची तारीख तरी १९ च होती का? हाताने लिहिलेल्या देवनागरीत एक आणि नऊ हे आकडे घाईत इतके सारखे उतरतात की ओळखता येत नाहीत. पूनमच्या कागदावर ११ वाचावे की १९, हे भिंग लावूनही मला ठरवता येईना. मामा म्हणाले, "अहो मॅडम, एकोणीसच. मी होतो ना लग्नात." आईने पिशवीतून लग्नपत्रिका काढली, तीत रविवार, १९ मे असे छापलेले होते. कॅलेंडर काढून पाहिले, २०१९ मध्ये १९ मे रविवारीच येतो आणि ११ मे शनिवारी. माझी खात्री पटली. तरीही मी १९ लिहिले नाही. भाषांतरकाराने समोरच्या कागदावर जे दिसते ते लिहायचे असते. पत्रिकेवरून, कॅलेंडरवरून किंवा मामांच्या आठवणीवरून आकडा पक्का केला, तर मी देत असलेली अचूकतेची हमी खोटी ठरते. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. एक, चौकटी कंसात 'आकडा अस्पष्ट' असे लिहून देणे. ते प्रामाणिक आहे, पण लग्नाच्या तारखेच्या जागीच असा कंस आला तर अर्जाचे नुकसान होते. दुसरा मार्ग लांबचा आणि बरा, तो म्हणजे ग्रामपंचायतीत जाऊन त्याच नोंदीची नवी, स्वच्छ प्रत घेणे. पूनमचे मामा चार दिवसांनी संगणकावर टाइप केलेली प्रत घेऊन आले. तीत १९/०५/२०१९ असे स्पष्ट होते.

नवी प्रत आली की भाषांतर त्या प्रतीवरूनच करायचे, हेही सांगायला हवे. जुन्या प्रतीचे भाषांतर आधीच करून ठेवायचे आणि अर्जाला नवी प्रत जोडायची, असे काही जण करतात. मग प्रमाणपत्र दिल्याची तारीख जुळत नाही, सही करणारा ग्रामसेवक वेगळा निघतो, आणि कधी कधी भाषांतराची तारीख मूळ कागदाच्या तारखेच्या आधीची पडते. जो कागद अजून निघालाच नव्हता त्याचे भाषांतर कसे झाले, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच.

तारीख लिहिण्याची पद्धतही जपावी लागते. ०३/०४/१९८७ हे आपल्याला ३ एप्रिल वाटते, अमेरिकेत ते ४ मार्च वाचतील. म्हणून मी महिना नेहमी अक्षरात लिहिते. जुन्या कागदावर शके दिलेले असेल, तर ते तसेच ठेवून कंसात 'भाषांतरकाराची टीप' म्हणून इसवी सनातली तारीख देते. टीप आणि मजकूर यांची सरमिसळ होता कामा नये. वाचणाऱ्याला मूळ कागद काय म्हणतो आणि भाषांतरकार काय म्हणतो, हे वेगळे कळले पाहिजे. नमुना ई च्याच काही छापील प्रतींवर 'अधिनियम' ऐवजी 'विधेयक, १९९८' असा शब्द दिसतो. कायदा मंजूर झाला तेव्हाच तो अधिनियम झाला, हे खरे. तरी कागदावर 'विधेयक' असेल तर मी इंग्रजीत 'बिल' असेच लिहिते, आणि खाली टीप देते. सरकारी छापखान्याची चूक दुरुस्त करणे माझ्या हातात नाही.

यानंतर नावे, आणि घरोघरी सगळ्यात जास्त वाद नावांवरच होतात. देवनागरीत 'पूनम' एकच आहे. इंग्रजीत ती डबल ओ ने लिहायची की यू ने, हे मूळ कागद सांगत नाही. अशा ठिकाणी पासपोर्टवरचे स्पेलिंग घ्यावे. दीक्षित आडनाव कोणी 'एक्स' घालून लिहितो, कोणी 'के-एस-एच'. दोन्ही त्या अक्षरांचे प्रामाणिक लिप्यंतर आहे, तेव्हा पासपोर्टशी जुळणारे निवडण्यात काही गैर नाही. म्हणूनच मी कागदाबरोबर पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत मागते. शेवटच्या पानावर आई-वडिलांची आणि जोडीदाराची नावे असतात.

पण मूळ शब्दच वेगळा असेल तर पासपोर्ट कामाला येत नाही. पूनमच्या वडिलांचे नाव प्रमाणपत्रात 'आनंदराव' होते, पासपोर्टवर 'आनंदा'. आपल्याकडे हे अगदी नेहमीचे आहे. शाळेच्या दाखल्यावर आनंदा, तलाठ्याकडे आनंदराव, बँकेत नुसते आनंद, आणि माणूस एकच. मामांचे म्हणणे होते, "राव काढून टाका ना. कुणाला कळतंय?" काढता येत नाही. 'राव' कागदावर छापलेला आहे, आणि मूळ कागदही अर्जाला जोडला जातो. मराठी जाणणारा कोणीही दोन्ही कागद शेजारी ठेवून ते पाहू शकतो. भाषांतरात आनंदराव असेच गेले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे वडिलांचे प्रतिज्ञापत्र वेगळे करून जोडले. फरक मोठा असेल, उदाहरणार्थ नोंदवहीतच चुकीचे नाव पडले असेल, तर निबंधकाकडे जाऊन नोंदीची दुरुस्ती करावी लागते. भाषांतरातून ती होत नाही. पूनमचे माहेरचे आडनाव प्रमाणपत्रात आणि सासरचे पासपोर्टवर होते. त्याची मात्र चिंता नसते, कारण नाव का बदलले याचा पुरावा ते प्रमाणपत्रच असते.

'पूर्ण भाषांतर' या शब्दांचा अर्थ मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांचा जुना जन्मदाखला आला होता. समोरची बाजू मी नीट केली. पाठीमागे पेनाने लिहिलेल्या दोन ओळी होत्या, विलंबाने नोंद केल्याचा शेरा आणि त्यासाठीच्या आदेशाचा क्रमांक. तो कार्यालयाचा अंतर्गत शेरा असावा असे समजून मी सोडला. अर्ज परत आला, पाठीमागच्या मजकुराचे भाषांतर कुठे आहे म्हणून. त्या घरातल्या मुलाची प्रवासाची तारीख माझ्यामुळे पुढे गेली. शेरा त्या अर्जात महत्त्वाचाच होता, कारण जन्मानंतर कित्येक वर्षांनी नोंद का झाली हे त्या दोन ओळीच सांगत होत्या. तेव्हापासून मी कागद उलटा करून पाहिल्याशिवाय काम सुरू करत नाही.

पूर्ण म्हणजे शिक्क्यांतला मजकूरसुद्धा. पूनमच्या प्रमाणपत्राच्या भाषांतरात वर चौकटी कंसात लिहिले, 'पती व पत्नीची छायाचित्रे, दोन्हींवर गोल शिक्का'. शिक्क्यातली अक्षरे वाचून 'ग्रामपंचायत' आणि गावाचे नाव, तालुका पाटण, जिल्हा सातारा, असे दिले. एका फोटोवर शिक्का अर्धाच उमटला होता आणि फक्त '…तारा' वाचता येत होते. तिथे तेवढेच दिले, आणि उरलेला भाग अवाच्य असे लिहिले. खाली सहीच्या जागी 'सही, नाव अवाच्य', आणि पदनाम. ग्रामसेवकाला इंग्रजीत नेमका शब्द नाही. मी 'ग्रामसेवक' हाच शब्द रोमन लिपीत ठेवते, आणि कंसात गावपातळीवरचा अधिकारी व विवाह निबंधक असा खुलासा करते. उगाच 'सेक्रेटरी' किंवा 'मेयर' केले की भलताच अर्थ होतो.

मग येते ते निवेदन. ते असते इंग्रजीत, पूनमच्या भाषांतराखाली मी जे लिहिले त्याचा मराठी आशय असा: "मी, खाली सही करणारी, मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा जाणते व मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास सक्षम आहे. वरील मजकूर हा अमुक ग्रामपंचायतीने अमुक दिनांकास दिलेल्या विवाह नोंदणी प्रमाणपत्राचे, खंड क्रमांक व अनुक्रमांक अमुक, पूर्ण आणि अचूक भाषांतर आहे." त्याखाली माझे पूर्ण नाव, सही, भाषांतराची तारीख, पत्ता, फोन आणि ईमेल. शेवटी माझा शिक्का, ज्यात नाव आणि भाषा आहेत.

ब्रिटनचे गृहखाते मागते ते इतकेच: मूळ कागदाचे अचूक भाषांतर असल्याची खात्री, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव आणि सही, आणि त्याचा संपर्क. भाषांतराची स्वतंत्रपणे पडताळणी करता आली पाहिजे, हा त्यामागचा हेतू. ब्रिटनमध्ये राहूनच पुढची मुदत किंवा कायमचे वास्तव्य मागताना भाषांतरकार पात्र असावा आणि त्याच्या पात्रतेचा तपशील द्यावा, असे वाढीव बंधन येते. या यादीत शिक्का नाही. मी तो मारते, कारण सहीखालचे नाव त्यामुळे स्वच्छ वाचता येते, आणि पानापानावर मारला की पाने बदलली गेली नाहीत हे दिसते. अमेरिकेचा नियमही शिक्का मागत नाही. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, या दोन्ही गोष्टी भाषांतरकाराने लिहून द्याव्या लागतात. अमेरिकेच्या अर्जांत हमखास राहते ते 'सक्षम आहे' हे वाक्य.

कॅनडाचे वेगळे आहे. तिथे भाषांतरकार त्यांच्या अर्थाने अधिकृत नसेल, तर त्याने नोटरीपुढे शपथपत्र करावे लागते, आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. शिवाय अर्जदाराने स्वतः किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेले भाषांतर चालत नाही. नातेवाइकांत आई-वडील आणि भावंडेच नव्हे, तर काका, मामा, मावशी, चुलत-मामेभावंडेही येतात. काका स्वतः वकील किंवा नोटरी असले तरी नाही. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या भाषांतरकाराला तिथल्या नाटी या संस्थेची मान्यता लागते. भारतातल्या भाषांतरकाराला ती लागत नाही, पण नाव, पत्ता, फोन आणि भाषेतली पात्रता व अनुभव लिहून द्यावा लागतो. जर्मनीत न्यायालयाने शपथ दिलेले भाषांतरकार असतात. आपल्याकडे तशी देशभराची व्यवस्था नाही, आणि म्हणूनच माणसे नोटरीकडे धावतात.

नोटरीचा लाल शिक्का आणि तिकीट लागले की भाषांतर 'पक्के' झाले, असा समज आहे. १९५२ च्या नोटरी कायद्यात कागदाचे भाषांतर करणे आणि भाषांतर पडताळणे ही नोटरीची कामे म्हणून नोंदलेली आहेत, हे खरे. पण रोजच्या व्यवहारात होते ते असे: भाषांतरकार किंवा त्याचा माणूस शपथपत्र घेऊन जातो, नोटरी ओळखपत्र पाहतो, आपल्यासमोर सही झाल्याची नोंद रजिस्टरमध्ये करतो आणि शिक्का मारतो. भाषांतरातले 'आनंदराव' बरोबर उतरले की नाही, हे त्याने पाहिलेले नसते. कॅनडासाठी हा शिक्का हवा. ब्रिटन-अमेरिकेसाठी भाषांतरकाराचे निवेदनच नसेल तर नोटरीच्या शिक्क्याने ती उणीव भरून निघत नाही. निवेदनाविना नुसते नोटरी केलेले भाषांतर घेऊन पुष्कळ जण दुसऱ्यांदा माझ्याकडे येतात, पैसे दोनदा भरून.

ॲपोस्टिल ही तिसरी गोष्ट, आणि तिचा भाषांतराशी थेट संबंध नाही. भारत २००५ पासून ॲपोस्टिल करारात आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे ते स्टिकर मूळ दाखल्यावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचे असल्याचे सांगते. भाषांतर बरोबर आहे असे ते म्हणत नाही. ते लागते की नाही, हे जो देश कागद मागतो त्याच्या यादीत पाहावे. लागत असेल तर आधी ॲपोस्टिल करून मग भाषांतराला द्यावे, म्हणजे कागदावर नंतर काही वाढत नाही.

पूनमचे भाषांतर दोन पानांचे झाले. 'दोनपैकी एक', 'दोनपैकी दोन' असे पानांवर लिहिले, दोन्ही पानांवर सही आणि शिक्का केला, आणि मूळ प्रमाणपत्राच्या प्रतीसह एकाच फाइलमध्ये स्कॅन करून दिले. मामांनी शिक्का उजेडात धरून पाहिला, आणि मग मी सांगितले म्हणून निवेदन मोठ्याने वाचले. माझा फोन नंबर आला तिथे थांबून त्यांनी विचारले, "म्हणजे लंडनवरनं तुम्हाला फोन येणार?" रोज येत नाहीत, पण येऊ शकतात, आणि आला तर उचलणारी मी असते, हे मी त्यांना सांगितले.

तुमचे भाषांतर हातात पडले की कागद उलटून मागची बाजू झाली आहे का ते पाहा, तिन्ही तारखा मुळाशी ताडून पाहा, आणि निवेदनात नाव, सही, तारीख व संपर्क आहे का ते वाचा. मग तिथे दिलेला नंबर अर्ज करण्याआधी स्वतः एकदा लावून बघा.